निजून वाचण्याचा चष्मा

आमच्या बालाघाटकडील एक वृद्ध बांधव चिंचेच्या झाडावरून पडले आणि त्यांच्या पाठीच्या मणक्यास मार बसला. डॉक्टरांनी त्यांना सहा आठवडे उताणे पडून राहण्यास बजावले. त्यांना वाचनाची भारी आवड. पुस्तक तोंडावर धरून ते वाचू लागत, परंतु थोड्याच वेळात हात भरून येत व पुस्तक खाली येई. आम्ही भेटीस गेलो तेव्हा ते छताकडे पाहत पडले होते.

अशा रुग्णांसाठी प्रिझमचा, म्हणजे काचेच्या लोलकाचा, चष्मा मिळतो. त्यात दोन्ही डोळ्यांपुढे एकेक जाड लोलक बसविलेला असतो. बाहेरून आलेला प्रकाश लोलकाच्या आत दोनदा परावर्तित होऊन काटकोनात वळतो. त्यामुळे डोळे छताकडे असले तरी दिसते ते पायांकडचे. परावर्तन एकदाच झाले असते, तर आरशातल्याप्रमाणे अक्षरे उलटी दिसली असती. दोनदा झाल्याने ती सरळ राहतात.

आम्ही त्यांना असा चष्मा नेऊन दिला, पण पहिल्या दिवशी काही जमले नाही. पुस्तक छातीवर आडवे ठेवले होते, म्हणून त्याची फक्त कड दिसे. शिवाय लोलक अक्षरे मोठी करीत नाही, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. मग त्यांचा नेहमीचा वाचनाचा चष्मा आधी लावला आणि त्यावर हा चढविला. पुस्तक लाकडी घडवंचीला टेकवून छातीच्या खालच्या टोकाशी, डोळ्यांपासून दीड ते दोन वीत अंतरावर, उभे केले. दिवा डोक्यामागे टांगला, म्हणजे उजेड पानावर पडे व डोळ्यांत जात नसे. आता त्यांचे हात केवळ पान उलटण्यापुरते हलू लागले.

चष्मा घेताना पारख करावी. तो लावून दाराच्या चौकटीकडे पाहावे. चौकट वाकडी दिसली किंवा तिच्या कडेला रंगीत रेघा उमटल्या, तर काच हलकी समजावी. मग एकेक डोळा आळीपाळीने मिटावा. तीच वस्तू वरखाली उडी मारीत असेल, तर दोन्ही लोलक सारखे बसलेले नाहीत. अशा चष्म्याने डोके दुखते.

ज्यांना उशांच्या आधाराने बसता येते, त्यांना याची गरज नाही. ज्यांना मोतीबिंदूमुळे अंधुक दिसते, त्यांचेही यावाचून काही अडत नाही, कारण अंधुकपणा तसाच राहतो. पायाला वजन बांधून ठेवलेला, मणका मोडलेला, वा मणक्याच्या क्षयामुळे पाठ न हलविण्याची आज्ञा झालेला, अशांचा तो खरा सोबती होय. काच जड असल्याने नाकावर वळ उठतात, म्हणून अर्ध्या तासाने तो काढून ठेवावा. आणि तो लावून कोणीही चालू नये, कारण समोरचे न दिसता पायाखालची जमीन दिसते!

सहा आठवड्यांनंतर ते बांधव उठून बसले आणि तो चष्मा आमच्या हाती परत देत म्हणाले, ‘‘फादर, आता हा दुसऱ्या कोणा पडलेल्याला द्या.’’ आता तो आमच्याकडे आहे. गरजूंनी मागून न्यावा.