भरती दिवसातून दोनदा का येते?

चंद्राच्या ओढीमुळे भरती येते, एवढे उत्तर शालेय प्रश्नमंजूषेत कोणीही देते. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर: चंद्र तर एकाच बाजूला असतो, मग भरती दिवसातून दोनदा कशी?

अंतर वाढले की गुरुत्वाची ओढ कमी होते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सरासरी 3,84,400 किलोमीटर दूर आहे. चंद्रासमोरची बाजू त्याला केंद्रापेक्षा सुमारे 6,400 किलोमीटर जवळ असते आणि पलीकडची बाजू तेवढीच लांब. त्यामुळे समोरच्या पाण्यावरची ओढ केंद्रावरच्या ओढीपेक्षा साधारण 3 टक्के जास्त भरते, पलीकडच्या पाण्यावरची जवळपास तेवढीच कमी. समोरचे पाणी पृथ्वीच्या पुढे खेचले जाते. पलीकडे उलटे होते: पृथ्वी जास्त खेचली जाते आणि पाणी मागे राहते. म्हणून फुगवटे दोन. हा फरक पृथ्वीच्या स्वतःच्या ओढीपुढे इतका क्षुल्लक आहे की त्याने पाणी सरळ वर उचलले जात नाही. ते आजूबाजूच्या समुद्रातून सरकत येऊन साचते.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते तोवर चंद्रही थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला तिला आणखी सुमारे 50 मिनिटे लागतात. म्हणून दोन भरत्यांमध्ये 12 तास नव्हे, तर सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात.

सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या पावणेदोनशे पट आहे, आणि इथेच पुष्कळ हुशार मुले फसतात. सूर्य इतका लांब आहे की पृथ्वीच्या दोन बाजूंवरील त्याच्या ओढीत फारसा फरक पडत नाही. त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे परिणाम एकत्र येतात आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांना छेद देतात; तेव्हाची भरती मवाळ, तिला भांगाची भरती म्हणतात.

मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर यावरून एक सोपा हिशेब करतात: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. खरे तर भरती दर तिथीला 48 मिनिटांच्या आसपास पुढे सरकते आणि हिशेबात 45 धरली जातात, म्हणून पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची चूक साचते. होडी लोटायची असेल तर भरतीचे छापील कोष्टकच पाहावे.

पाणी किती चढेल हे मात्र किनाऱ्याच्या आकारावर ठरते. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतले अंतर 5 मीटरच्या आसपास जाते. खंबायतच्या आखातात, निमुळत्या होत जाणाऱ्या उथळ खाडीमुळे, भावनगरजवळ ते 10 मीटरच्याही वर जाते.