लाख लिटरच्या टाकीचा हिशेब

गावात उंच पाण्याची टाकी बांधायची, तर आधी इंजिनिअरचा संकल्पन अहवाल तयार होतो. आकडेमोडीची पानं बघून आपण दबतो, पण टाकीचं नशीब ठरतं ते सुरुवातीच्या गृहीतकांच्या पानावर.

एक उदाहरण घेऊ. गावाची वस्ती आज २०००, तीस वर्षांनी ३००० होईल असं धरलं. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे १ लाख ६५ हजार लिटर. गळतीपोटी १५ टक्के वाढवले की सुमारे १ लाख ९० हजार. टाकी दिवसातून दोनदा भरायची, म्हणून निम्मं पाणी मावलं तरी पुरे. टाकी ठरली एक लाख लिटरची. यातलं ‘दोनदा’ हे गृहीतक मला सर्वांत नाजूक वाटतं. वीज सहाच तास येत असेल आणि तेवढ्यात पंपाला दुसऱ्यांदा टाकी भरता येत नसेल, तर पुढचा सगळा हिशेब बरोबर असूनही गावाला पाणी कमी पडेल.

आता भिंत. टाकी गोल, आतला व्यास ६.६ मीटर, पाण्याची खोली ३ मीटर. पाणी भिंतीला बाहेर ढकलतं आणि ती कड्यासारखी ताणली जाते. तळाशी हा ताण भिंतीच्या दर मीटर उंचीला जवळपास १० टन भरतो. तो गोल फिरणाऱ्या सळ्यांनी पेलायचा. इथे भारतीय मानक ३३७० आडवं येतं. साध्या इमारतीत सळईवर जेवढा ताण चालतो, त्याच्या साधारण निम्माच पाण्याच्या टाकीत चालतो. सळई तुटण्याची भीती नसते. ती जास्त ताणली गेली की काँक्रीटला भेगा पडतात आणि पाणी झिरपून सळईला गंज चढतो. म्हणून दर मीटरला १० मिमीच्या दहा सळ्या येतात, आत पाच, बाहेर पाच. तळाशी फरशी भिंतीला धरून ठेवते, त्यामुळे तिथे वाकही येतो. त्यासाठी उभ्या सळ्या वेगळ्या काढाव्या लागतात.

हिशेबाने १५० मिमीची भिंतही चालते. तरी अहवालात २०० मिमी लिहिलेली असते. दोन्ही बाजूंना ४५ मिमी कव्हर आणि आडव्या-उभ्या सळ्यांच्या दोन जाळ्या धरल्या, तर १५० मिमीत मधे जेमतेम २० मिमी जागा उरते. तिथे व्हायब्रेटरची सुई शिरत नाही, काँक्रीट पोकळ राहतं आणि टाकी तिथूनच गळते. हा निर्णय सूत्रातून येत नाही, साइटवरच्या अनुभवातून येतो.

टाकी ताब्यात घेताना ती काठोकाठ भरून सात दिवस मुरू द्यावी आणि पुढचे सात दिवस भिंत बाहेरून कोरडी राहते का ते पाहावं. त्याआधी ग्रामसभेत अहवालातलं गृहीतकांचं पान मागून वाचा. पंप किती तास चालेल असं धरलंय, हे गावाइतकं नीट कुणालाच तपासता येणार नाही.