एकदा वाचल्यावर काय उरते?

व्याख्यान सुरू होण्याआधी सूत्रसंचालक हातातल्या कागदावरून वक्त्याचा परिचय वाचून दाखवतो. जन्मगाव, शिक्षण, भूषविलेली पदे, ग्रंथसंपदा, पुरस्कार हे सगळे दोन मिनिटांत होते आणि टाळ्या पडतात. पुस्तकाच्या मलपृष्ठावर, दिवाळी अंकातल्या लेखाच्या शेवटी, संस्थेच्या माहितीपत्रकात असेच परिचय छापलेले असतात. ते लिहिताना माणसे पुष्कळ वेळ घालवतात. एखादे पद राहून तर गेले नाही ना, पुरस्कारांचा क्रम चुकला नाही ना, हे तपासतात. वाचणाऱ्याच्या डोक्यात त्यातले काय राहील, हे मात्र सहसा कोणी तपासत नाही.

मसुदा झाला की तो घरात किंवा मित्राला दाखवला जातो. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘छान आहे’ असे उत्तर येते आणि मसुदा छापायला जातो. घरच्या माणसाला लिहिणाऱ्याबद्दल आधीच सगळे ठाऊक असते, त्यामुळे कागदावर जे आलेले नाही तेही तो मनाने भरून घेतो. शिवाय त्याला विचारले जाते ते मत, आणि मत देताना माणूस समोरच्याचे मन राखतो. ज्याने लिहिणाऱ्याचे नावही ऐकलेले नाही अशा माणसाला मसुदा एकदाच वाचायला द्यावा, कागद परत घ्यावा आणि त्याला काय आठवते ते विचारावे. मसुद्याची खरी परीक्षा तिथे होते. तिला खर्च नाही आणि एका संध्याकाळीही ती होते.

नमुन्यादाखल एक परिचय घेऊ. व्यक्ती कल्पित आहे, पण लिहिण्याची तऱ्हा सर्वांच्या ओळखीची आहे.

‘यांचा जन्म साताऱ्यात झाला. शालेय शिक्षण तेथेच पूर्ण करून त्यांनी पुण्यातून भूशास्त्रात पदव्युत्तर पदवी संपादन केली. भूजल या विषयाचा त्यांचा गाढा अभ्यास असून विविध संस्थांवर त्यांनी सल्लागार म्हणून काम पाहिले आहे. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय परिषदांत त्यांनी अनेक शोधनिबंध सादर केले आहेत. माण तालुक्यातील विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी त्या २२ वर्षे ठेवत आहेत. त्या अनेक पुरस्कारांनी सन्मानित आहेत. वाचन व भटकंतीची आवड. घरी नऊ मांजरे आहेत.’

परीक्षा घेण्याआधी एक काम करायचे असते आणि नेमके तेच टाळले जाते. वाचणाऱ्याच्या लक्षात राहायलाच हवी अशी गोष्ट कोणती, ती एका चिठ्ठीवर लिहून ठेवायची. एकच, फार तर दोन. इथे ती उघड आहे : या बाई दुष्काळी माणमधल्या विहिरींचे पाणी २२ वर्षे मोजत आहेत. चिठ्ठी आधी लिहिली नाही, तर लोकांना जे आठवले तेच आपल्याला हवे होते, अशी समजूत नंतर सहज करून घेता येते.

मग सहा ते आठ अनोळखी माणसे शोधायची, पण ती त्या परिचयाच्या खऱ्या वाचकांसारखी हवीत. व्याख्यानमालेचा परिचय असेल, तर व्याख्यानाला येणारी निवृत्त मंडळी, शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी. भूशास्त्राच्या प्राध्यापकाला विचारून उपयोग नाही, कारण त्याला त्या विषयाची भाषा पाठ असते. ‘एक मजकूर वाचून पाहता का?’ एवढेच म्हणायचे. आठवणीची परीक्षा आहे असे आधी सांगितले, तर माणूस धडा पाठ करावा तसा वाचतो. कशासाठी विचारले, ते शेवटी जरूर सांगावे. परिचय मंचावरून वाचला जाणार असेल, तर तो कागदावर न देता एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. ऐकणाऱ्याला मागच्या ओळीवर परत जाता येत नाही.

वाचून झाल्यावर लगेच विचारायचे नाही. मरे ग्लान्झर आणि अनिता कुनित्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली लोकांना शब्दांच्या याद्या देऊन ही गोष्ट तपासली होती. यादी संपताच विचारले, तर सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द मधल्यांपेक्षा जास्त आठवत. मध्ये अर्धा मिनिट लोकांना आकडे मोजत ठेवले, की शेवटच्या शब्दांचा तो फायदा नाहीसा होई आणि सुरुवातीच्या शब्दांचा टिकून राही. परिचयाचा वाचकही पान उलटतो, श्रोता व्याख्यान ऐकू लागतो. म्हणून मध्ये दोन-तीन मिनिटे दुसरेच काही बोलावे. कुठे राहता, बस कोणती मिळते, असे काहीही चालेल. त्यानंतर विचारावे : ‘मघाशी ज्यांच्याबद्दल वाचलंत, त्यांच्याविषयी काय सांगाल?’

मग गप्प राहायचे. हेच सर्वांत अवघड जाते. समोरचा अडखळला, की ‘आणि त्या विहिरींचं?’ असे तोंडातून निसटते आणि त्या माणसापुरती परीक्षा वाया जाते. तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत आणि त्याच क्रमाने लिहून घ्यावे. त्याचे बोलणे पूर्ण थांबल्यावर एकच नेमका प्रश्न करावा : ‘त्या काम काय करतात?’

वरच्या मसुद्यावर कशी उत्तरे येतील, याचा अंदाज करता येतो. ‘त्यांच्याकडे नऊ मांजरं आहेत.’ ‘पाण्याचं काहीतरी काम आहे.’ ‘खूप शिकलेल्या आहेत, पुरस्कार वगैरे मिळालेत.’ ‘कॉलेजात प्राध्यापक आहेत ना?’ प्रत्येक उत्तर मसुद्यातल्या एका वेगळ्या दोषाकडे बोट दाखवते.

मांजरे आधी घेऊ. १९८९ साली रूथ गार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ वाचकांना कीटकांविषयीचा एक छोटा मजकूर दिला. काहींच्या मजकुरात एक मजेदार पण मुद्द्याशी संबंध नसलेला तपशील घातला होता : पाठीवर पडलेला एक भुंगेरा टिक्‌ असा आवाज करत हवेत उडी घेतो आणि पायांवर उतरतो. असे तपशील ज्यांनी वाचले, त्यांना मुख्य मुद्दे कमी आठवले. मांजरांमुळे परिचय जिवंत होतो हे खरे. पण ती शेवटी बसली आहेत, त्यांची संख्या नेमकी आहे, ती डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि विहिरी मात्र सल्लागारपद आणि पुरस्कार यांच्या मधोमध दबल्या आहेत. दोष विहिरींचा नाही, जागेचा आहे.

‘पाण्याचं काहीतरी’ हे उत्तर ‘भूजल या विषयाचा गाढा अभ्यास’ या वाक्याची परतफेड आहे. गाढा अभ्यास, विविध संस्था, अनेक शोधनिबंध यांतून मनापुढे काही उभे राहत नाही, म्हणून तसेच धूसर काहीतरी परत येते. पुरस्कारांचेही तेच होते. नाव, वर्ष किंवा कारण नसलेला पुरस्कार ‘वगैरे’ मध्ये जमा होतो.

सर्वांत बोलके उत्तर प्राध्यापकपदाचे आहे, कारण ते मसुद्यात कुठेच नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी केंब्रिजमध्ये लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा दोनदा वाचायला दिली आणि नंतर ती आठवून लिहायला सांगितली. १९३२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी नोंदवले आहे, की सांगताना कथा आखूड होत गेली आणि अनोळखी गोष्टी ओळखीच्या झाल्या. कनूची साधी होडी झाली, सीलची शिकार मासेमारी झाली. माणूस वाचलेले जसेच्या तसे साठवत नाही. जिथे जागा रिकामी दिसते तिथे तो आपल्या अनुभवातले काहीतरी बसवतो. पदवी, शोधनिबंध आणि परिषदा एकत्र दिसल्या, की मराठी वाचकाच्या मनात प्राध्यापक उभा राहतो. त्या बाई रोज काय करतात ते मसुद्याने सांगितले नाही, म्हणून वाचकाने ते ठरवून टाकले. म्हणून विसरलेल्या गोष्टींइतकीच वाचकांनी पदरची घातलेली गोष्टही वेगळ्या रंगाने खुणावून ठेवावी.

नाव कोणालाच आठवले नाही, तर मात्र मसुद्याला दोष देऊ नये. १९८७ साली ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी लोकांना अनोळखी चेहऱ्यांबरोबर आडनावे आणि व्यवसाय शिकवले. त्यांतले काही शब्द दोन्ही कामांना चालणारे होते, जसा आपल्याकडे ‘सुतार’. तोच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला, तर आडनावापेक्षा सहज आठवत होता. काम लक्षात राहिले, तर नाव पुन्हा शोधता येते.

आता दुरुस्ती. चिठ्ठीवरची गोष्ट पहिल्या वाक्यात येते आणि जिवंत तपशील तिच्याच कामाला लावला जातो. ‘माण तालुक्यातल्या विहिरींत फीत सोडून त्या पाण्याची खोली मोजतात. या नोंदी त्या २२ वर्षे ठेवत आहेत. दुष्काळात कोणती विहीर आधी आटते आणि का, हे त्या त्यावरून गावकऱ्यांना सांगतात. जन्म साताऱ्याचा, भूशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण पुण्यात.’ परिचय जवळजवळ निम्मा झाला. विहिरीत सोडलेली फीत मांजरांसारखीच डोळ्यांपुढे राहते, पण ती आठवली की कामही आठवते. मांजरे हवीच असतील, तर ती व्याख्यानानंतरच्या गप्पांत येऊ शकतात.

हा नवा मसुदा आधीच्याच माणसांना दाखवू नये. त्यांनी पहिला वाचलेला असतो, त्यांची आठवण दोन्हींची मिळून तयार होते आणि सुधारणा आहे त्याहून मोठी भासते. नव्या फेरीला नवी माणसे घ्यावीत. एकाच माणसाच्या उत्तरावरून मसुदा फिरवू नये. कोणाचे लक्ष नसते, कोणाला स्वतःच्या घरचे मांजर आठवते. सहांपैकी तिघे-चौघे एकाच जागी अडले, तर तिथे हात घालावा. आणि उत्तरे मसुद्याच्या शब्दांत येतील अशी अपेक्षा नको. वाचकाकडे आशय राहतो, वाक्यरचना लवकर पुसली जाते. ‘विहिरींचं पाणी मोजणाऱ्या बाई’ एवढे आले, तर मसुदा उत्तीर्ण.

या परीक्षेच्या मर्यादाही आहेत. परिचयातली माहिती खरी आहे का, वाचणाऱ्याला त्या व्यक्तीबद्दल विश्वास वाटला का, हे तिच्यातून कळत नाही. नोकरीचा अर्ज किंवा स्थळासाठी दिलेला बायोडेटा समोर ठेवून पुन्हा पुन्हा पाहिला जातो. तिथे पदव्या, वर्षे, तारखा पूर्णच द्यायला हव्यात आणि त्या पाठ राहिल्या नाहीत तरी बिघडत नाही. जो परिचय एकदाच वाचला किंवा ऐकला जातो, त्याच्यासाठीच ही पद्धत आहे.

व्याख्यानमालांच्या संयोजकांना एक विनंती आहे. वक्त्याकडून परिचय आदल्या दिवशी मागवू नका, निदान आठवडाभर आधी मागवा. तो एकदा सभागृहाबाहेरच्या सहा माणसांना वाचून दाखवा आणि त्यांना काय आठवले ते लिहून वक्त्याला कळवा. बदल करायचा की नाही, ते वक्त्यालाच ठरवू द्या.