जुना शर्ट, चार ओळींचा करार

टाळेबंदीच्या काळापासून आपल्याकडे इन्स्टाग्रामवर वापरलेले कपडे विकणारी थ्रिफ्ट दुकानं भराभर वाढली. ठरलेल्या वेळी दहा-वीस कपडे एकदम टाकायचे, याला ‘ड्रॉप’ म्हणतात. प्रत्येक कपडा एकच असतो आणि घालून पाहायची सोय नसते. त्यामुळे सगळी भिस्त फोटोखालच्या मजकुरावर. तो असा असावा:

“निळा सुती शर्ट. लेबल एल. आडवी छाती २१ इंच, लांबी २८. उजव्या बाहीवर फिकट डाग, फोटो चौथा. ₹३५०. ‘बुक’ लिहिणाऱ्या पहिल्याला, पैसे तासाभरात. रविवारी ११ ते १२, दादर पश्चिम, तिकीट खिडकीजवळ.”

यात लेबलावर विसंबू नये. एका कंपनीचा एल दुसरीचा एम असतो, शिवाय सुती कपडा धुऊन आटतो. खरं माप आडव्या छातीचं. शर्ट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरायची. २१ची दुप्पट ४२. तुमच्या अंगाची छाती ३८ असेल तर चार इंच मोकळीक राहते आणि शर्ट आरामात बसतो. ३८चाच शर्ट घेतला तर बटणं ताणतील, कारण विणीचं सुती कापड टी-शर्टसारखं ताणलं जात नाही. नुसतं ‘छाती ४२’ लिहिलं असेल तर हे माप कपड्याचं की अंगाचं, ते विचारून घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे आपला नीट बसणारा शर्ट तसाच पसरून मोजायचा आणि आकडे ताडून पाहायचे.

‘कंडिशन उत्तम’ या शब्दांतून काहीच कळत नाही. कपडा आधी झिजतो तो ठरावीक जागी: कॉलरची घडी, काख, जीन्सच्या मांड्यांची आतली बाजू. इलॅस्टिक तर कपाटात पडूनही सैल होतं. या जागांचे दिवसाच्या उजेडातले फोटो मागावेत. भोक असेल तर शेजारी नाणं ठेवून काढलेला फोटो मागावा, म्हणजे आकार कळतो.

‘पहिला येईल त्याला’ या नियमावरून भांडणं होतात, कारण कुणी कमेंट करतो, तर कुणी खासगी मेसेज. कमेंटचा क्रम सगळ्यांना दिसतो, म्हणून तोच धरावा, आणि मजकुरात तसं लिहावं. मुदतीत पैसे आले नाहीत तर कपडा आपोआप दुसऱ्या नंबरला जावा.

कपडा ताब्यात घेताना स्टेशनवरच उलगडून, आतून-बाहेरून पाहावा. उशीर झाल्यास विक्रेता किती थांबेल आणि आपल्याऐवजी दुसरं कुणी आलं तर चालेल का, हे आदल्या दिवशीच ठरवावं. बहुतेक दुकानं ‘परत घेणार नाही’ असं लिहितात. सांगितलेल्या डागापुरतं ते रास्त आहे. न सांगितलेली फाटकी काख निघाली तर मात्र पैसे परत मिळायला हवेत, आणि हेही वाक्य त्याच मजकुरात असायला हवं.