कोड आला म्हणजे सेन्सर गेला?

उंदराने वायर कुरतडली की गाडी बंद पडते, अशी सर्वसाधारण कल्पना असते. प्रत्यक्षात वायर पूर्ण तुटण्याचे प्रसंग कमी. दातांनी वरचे आवरण सोलले जाते, आतल्या बारीक तांब्याच्या तारांपैकी काही तुटतात आणि उरलेल्यांवर काम चालू राहते. गाडी खड्ड्यात आदळली, इंजिन तापले किंवा पावसाळी हवेने उघड्या तांब्यावर ओल धरली की तो जोड क्षणभर सुटतो आणि पुन्हा लागतो. त्यामुळे सकाळी पेटलेला चेक इंजिनचा दिवा दुपारी विझलेला असतो आणि गॅरेजमध्ये नेल्यावर गाडी नेमकी शहाण्यासारखी वागते.

या दुखण्याभोवतीचा सर्वात चिवट आणि सर्वात खर्चिक गैरसमज असा: स्कॅनरने ज्याचे नाव दाखवले तो भाग गेला, तो बदलला की काम झाले. सुशिक्षित गाडीमालकही हे ठामपणे सांगतात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे अनेक गॅरेजेसही याच समजुतीवर सुटे भाग खपवतात. कोडांचे अर्थ ठरवणारे एसएई जे२०१२ हे प्रमाणक उघडून पाहिले, तर P0118 या कोडासमोर ‘सेन्सर खराब’ असे कुठेही लिहिलेले नाही. कूलंटचे तापमान मोजणाऱ्या सर्किटमधला व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर गेला, एवढेच तो कोड सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर येतो, तसेच त्याचे सॉकेट, दोन वायरी आणि इंजिनचा संगणकही येतो. दोष यांपैकी कुणाचा, हे कोडाला माहीत नसते.

हाच कोड घेऊन एक नमुनेदार प्रकरण पाहू. सोसायटीच्या पार्किंगमधली पेट्रोल गाडी सकाळी चालू करताच रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने घोंघावू लागतो, एसी गार हवा देत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. इंजिन तर अजून थंडगार असते. स्कॅनरवर P0118 दिसतो. सेन्सर बदलला जातो, कोड पुसला जातो, दिवा विझतो. चार-सहा दिवसांनी पंखा पुन्हा घोंघावतो.

यामागचे कारण साधे आहे. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढले की रोध कमी होणारा एक लहानसा घटक. २० अंशांना त्याचा रोध साधारण अडीच हजार ओम असतो, तर ८० अंशांना तीनशेच्या आसपास. संगणक त्याला आपल्या आतल्या रोधामधून ५ व्होल्ट पुरवतो आणि वायरीवर किती व्होल्ट उरले यावरून तापमान ठरवतो. वायर तुटली की वीज वाहत नाही, संगणकाला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि तो त्याचा अर्थ ‘अतिशय थंड’ असा लावतो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये तेव्हा -40 °C च्या आसपासचा आकडा येतो. पुण्यात किंवा नागपुरात हे तापमान संभवत नाही, हे संगणकालाही कळते. माहितीवर भरवसा उरला नाही म्हणून सुरक्षिततेसाठी तो पंखा चालू ठेवतो आणि अनेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसरही तोडतो. विक्षिप्त वाटणारी ही तिन्ही लक्षणे एकाच वायरीची आहेत.

सेन्सर दोषी की वायर, हे ठरवायला नवा सेन्सर विकत घ्यावा लागत नाही. सेन्सरचे सॉकेट काढावे आणि वायरीच्या बाजूच्या सॉकेटमधल्या दोन पिना वायरीच्या तुकड्याने जोडाव्यात. स्कॅनरवरचे तापमान -40 वरून एकदम १३० किंवा त्याहून वर उडी मारत असेल, तर वायरी आणि संगणक त्या क्षणी ठीक आहेत आणि संशय सेन्सरवर जातो. आकडा जागचा हलला नाही, तर सेन्सर निर्दोष असून बिघाड वायरीत किंवा पुढे आहे. दोन मिनिटांचे काम आहे. ते टाळून भाग बदलत सुटणे याला निदान म्हणत नाहीत.

‘त्या क्षणी’ हे शब्द मात्र महत्त्वाचे. अधूनमधून सुटणारा जोड तपासणीच्या वेळी लागलेला असू शकतो. म्हणून इंजिन चालू ठेवून, लाइव्ह डेटावर नजर ठेवत, वायरिंगचा जुडगा हळूहळू वीतभर अंतराने हलवत जावे. एका ठिकाणी हात लावताच आकडा -40 ला जाऊन परत आला, की जागा सापडली. तिथे बहुधा टेपच्या आत जोडीने उमटलेल्या दातांच्या खुणा आणि आजूबाजूला लेंड्या दिसतात. पंखा आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवावेत आणि हातमोजे घालावेत; उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, हे मुंबई-कोकणात वेगळे सांगायला नको.

मल्टिमीटर ‘टीं’ वाजला म्हणजे वायर चांगली, ही त्याच गैरसमजाची धाकटी बहीण. मीटर तपासणीसाठी नाममात्र वीज सोडतो; एकच तार शिल्लक असली तरी तो वाजतो. वायर दोन्ही टोकांना सोडवून, तिच्यातून पार्किंग लाइटचा ५ वॅटचा बल्ब पेटवून पाहावा. तो मंद लागला किंवा वायर हलवताना लुकलुकला, तर ती वायर कामाची नाही. संगणकाला जोडलेल्या वायरीवर हा प्रयोग कधीही करू नये.

एकदम चार-पाच असंबद्ध दिवे लागले की ‘ईसीएम उडाला’ असा निर्वाळा मिळतो आणि खर्चाचा आकडा ऐकून मालकाला घाम फुटतो. बहुतेकदा ते सगळे सेन्सर एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर किंवा एकाच अर्थवर असतात. तिथली एक सोललेली वायर बॉडीला टेकली की सगळ्यांची माहिती एकदम बिघडते. U ने सुरू होणारे कोड आले, तर संगणकांना जोडणाऱ्या कॅन वायरी पाहाव्यात: बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये सुमारे ६० ओम यायला हवेत. १२० आले, तर जोडणी कुठेतरी तुटली आहे.

कुरतडलेल्या जागी नुसती इन्शुलेशन टेप गुंडाळणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ओल आवरणाखालून तांब्यात शिरते आणि हिरवी भुकटी तयार होते. चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर मागे कापून, नवा तुकडा सोल्डर करून किंवा क्रिंप करून त्यावर आतून चिकट असलेली हीटश्रिंक नळी बसवावी लागते. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना मात्र असे ठिगळ लावू नये.

बॅटरीची वायर काढून दिवा विझवल्याने कोड पुसला जातो, बिघाड राहतो. गाडी रोज चालवली की उंदीर फिरकत नाहीत, हेही खरे नाही. नुकत्याच उभ्या केलेल्या इंजिनाची ऊब त्यांना हवीच असते आणि कुरतडायला एक रात्र पुरते. वायरीच्या आवरणात सोयाबीन असते म्हणून उंदीर खातात, हा अमेरिकेतल्या खटल्यांपर्यंत गेलेला दावा. पण सोयाबीनचा मागमूस नसलेल्या जुन्या वायरीही उंदीर कुरतडत आले आहेत, कारण त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजवावे लागतात. तंबाखूच्या पुड्यांना ते लवकरच सरावतात. डांबरगोळ्यांची वाफ एसीच्या वाटेने माणसांच्याच नाकात जाते. थर्ड पार्टी विम्यात हे नुकसान भरून मिळत नाही. ओन डॅमेज असलेल्या पॉलिसीतही आधी अटी वाचाव्यात आणि दाव्यामुळे जाणारा नो क्लेम बोनस दुरुस्तीच्या खर्चाशी ताडून पाहावा.