घरभराचा व्हीपीएन, एका राउटरवर

फोनवर व्हीपीएनचं ॲप टाकायला दोन मिनिटं पुरतात. दारावरच्या कॅमेऱ्यात किंवा वाय-फायवर चालणाऱ्या बल्बमध्ये ते टाकायची सोयच नसते. म्हणून व्हीपीएन थेट राउटरवर बसवतात.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरवर मात्र हे बहुधा जमत नाही. त्याच्या लॅन पोर्टमधून वायर काढून ती ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टला जोडायची आणि घरातली उपकरणं या नव्या वाय-फायवर आणायची. पुष्कळदा दोन्ही राउटरांचा पत्ता 192.168.1.1 असतो आणि नेट चालतच नाही. नव्याचा पत्ता 192.168.2.1 केला की प्रश्न मिटतो.

आता luci-proto-wireguard हे पॅकेज टाकून वायरगार्डचा इंटरफेस तयार करायचा. व्हीपीएन सेवेच्या खात्यातून मिळणारी छोटी फाइल तिथे इम्पोर्ट करायची आणि Route Allowed IPs वर टिक करायची. या इंटरफेसला फायरवॉलमध्ये स्वतंत्र झोन द्यायचा, त्यावर Masquerading सुरू करायचं आणि lan मधून त्या झोनमध्ये वाट उघडायची. lan ते wan ही जुनी वाट मात्र काढून टाकायची. बरेच जण ती तशीच ठेवतात. मग बोगदा बंद पडला की सगळी उपकरणं गुपचूप उघड्या रस्त्याने बाहेर जातात. ती वाट नसेल तर नेट सरळ बंद पडतं, आणि तेच बरं.

एक गळती तरीही उरते. नवा राउटर संकेतस्थळांची नावं जुन्या राउटरला विचारत राहतो, आणि तो शेजारीच असल्याने ही विचारणा बोगद्यात शिरतच नाही. त्यासाठी wan वरचा मिळालेला डीएनएस बंद करून व्हीपीएन सेवेचा डीएनएस द्यावा. सर्व्हरचा पत्ताही नावाऐवजी आकड्यांतच लिहावा.

खरी गंमत लोडशेडिंगनंतर होते. साध्या राउटरला बॅटरीवरचं घड्याळ नसतं, त्यामुळे वीज आल्यावर त्याची वेळ मागे पडलेली असते. वायरगार्डचा सर्व्हर आधीच्यापेक्षा जुन्या वेळेचा हँडशेक नाकारतो. वेळ दुरुस्त करायला नेट हवं, आणि नेट तर त्याच बंद बोगद्यातून! `wg show` या कमांडला latest handshake ची ओळ दिसली नाही आणि राउटरची तारीख चुकीची असली, तर कारण हेच समजावं. उपाय असा: वेळेचा सर्व्हर आकड्यांत द्यावा, उदाहरणार्थ गूगलचा 216.239.35.0, आणि त्याच्यापुरता स्टॅटिक रूट wan वरून 192.168.1.1 मार्गे टाकावा.

टीव्हीवर मात्र कुरबूर होऊ शकते. ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपण्याचा सर्ट-इनचा आदेश 2022 मध्ये आल्यावर अनेक मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हटवले. परदेशी सर्व्हरमार्गे गेल्यावर इथली काही ॲप्स कार्यक्रम दाखवायला नकार देतात. अशा टीव्हीला जुन्या राउटरच्याच वाय-फायवर ठेवलेलं सोपं.