संदेश शीर्षक
संदेश शीर्षक म्हणजे बँका, कुरिअर सेवा आदींच्या लघुसंदेशावर क्रमांकाऐवजी दिसणारे नोंदणीकृत नाव होय. उदा. VM-HDFCBK-S यात V हे दूरसंचार कंपनीचे, M हे मुंबई परिमंडळाचे अक्षर असून HDFCBK हे बँकेचे शीर्षक आहे. शेवटचे S सेवाविषयक संदेश दर्शवते. अशी अंत्याक्षरे २०२५ पासून लागू झाली.

मुळशी तालुक्यातील घोटावडे महाराष्ट्र परिमंडळात मोडते. तरीही तेथे M अक्षराचा संदेश येऊ शकतो, कारण ही अक्षरे पाठवणाऱ्याच्या बाजूची असतात. तेवढ्यावरून संदेश खोटा ठरत नाही. मधले शीर्षक मात्र अक्षर न् अक्षर तपासावे. HDFGBK असा बदल किंवा ‘पार्सल अडकले’ सांगणारा दहा अंकी मोबाइल क्रमांक संशयास्पद समजावा. बनावट मनोऱ्याद्वारे शीर्षकाचीही नक्कल करता येते. म्हणून नाव योग्य दिसले तरी दुवा न उघडता संस्थेच्या अधिकृत ॲपमध्ये खात्री करावी.